चामडी पट्ट्याला साधे पिनचे बकल ठेवावे की फोल्डिंग क्लॅस्प? बाबांच्या मनगटाला क्लॅस्प रुततो आहे

मृण्मयी_गंगापूररोड

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांच्याकडे एचएमटीचे चावीचे जुने घड्याळ आहे, जे ते रोज सकाळी फिरायला निघताना डाव्या हातावर बांधतात. गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. साध्या बकलाची पिन छिद्रात घालताना त्यांचा अंगठा दुखतो, आणि पट्टा निसटल्यामुळे एकदा घड्याळ ओसरीतल्या फरशीवर पडून काच तडकली. त्याच सुमारास, म्हणजे पट्टा घेऊन आठच महिने झाले असताना, रोजच्या वापरातले छिद्र ओढले जाऊन लांबट झाले होते.

काच बदलून घेताना मेनरोडवरच्या एका दुकानदाराने नवीन चामडी पट्टा आणि त्याला बाजूला दोन बटणे असलेला फोल्डिंग क्लॅस्प बसवून दिला. आता घड्याळ हातातून पडण्याची भीती राहिलेली नाही. मात्र मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला काहीतरी कडक रुतते, अशी बाबांची तक्रार आहे. सकाळी ते ठीक वाटते, पण दुपारी चारच्या सुमारास ते घड्याळ काढूनच ठेवतात. पुन्हा साध्या बकलाकडे वळावे, की क्लॅस्पचाच दुसरा प्रकार पाहावा? ज्यांनी दोन्ही वापरले आहेत त्यांचे मत हवे आहे.

निनाद_पंचवटी

मृण्मयीताई, माझ्या मते परत साध्या बकलाकडे जाऊ नका. साध्या बकलात पट्टा दिवसातून दोन वेळा एकाच छिद्रापाशी दुमडला जातो, आणि पिन छिद्रात शिरावी म्हणून तो जरुरीपेक्षा थोडा जास्त ओढावा लागतो. चामडे तिथेच मरते. फोल्डिंग क्लॅस्पमध्ये पिन एकदा बसवली की ती रोज काढावी लागत नाही, त्यामुळे पट्ट्याचे आयुष्य सरळ दुप्पट होते. रुतण्याचे म्हणाल, तर सुरुवातीला सगळ्यांनाच तसे वाटते. महिनाभरात सवय होईल.

द्राक्षबाग_निफाड

मी गेली सहा वर्षे स्टीलचे घड्याळ वापरतो आणि त्याला फोल्डिंग क्लॅस्पच आहे. घट्ट वाटले तर क्लॅस्पच्या कडेला जी तीन-चार बारीक छिद्रे असतात, त्यांतली स्प्रिंगची पिन टाचणीने दाबून एक घर पुढे सरकवावी. दोन मिनिटांचे काम आहे. बागेत फवारणीच्या दिवसांत घामाने हात सुजल्यासारखा होतो तेव्हा मी नेहमी हेच करतो. त्यासाठी क्लॅस्प बदलण्याची गरज नाही.

सातपूर_टूलरूम

दादा, तुम्ही सांगता ती सोय स्टीलच्या साखळीच्या क्लॅस्पमध्ये असते. ताईंचा पट्टा चामडी आहे. चामडी पट्ट्याच्या क्लॅस्पमध्ये बारीक घरे नसतात. तिथे पट्ट्याची स्वतःची छिद्रेच वापरावी लागतात, आणि त्यांतले अंतर सहा-सात मिलिमीटरचे असते. त्यामुळे एक छिद्र सैल केले की फरक एकदम मोठा पडतो.

निनाद, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे आणि दुसऱ्याशी मी सहमत नाही. छिद्र आणि दुमड यांपुरता क्लॅस्पचा फायदा खरा आहे. परंतु आपल्याकडे चामडी पट्टे बहुतेक वेळा छिद्रापाशी मरत नाहीत. घामाने त्यांचे अस्तर काळे पडते, कडक होते, वास येऊ लागतो आणि घड्याळाच्या कानांजवळ, जिथे पट्टा खाली वळतो, तिथे भेगा पडतात. तो घाम क्लॅस्पने कमी होत नाही. उलट पत्र्याची पात आणि चामडे यांच्या फटीत ओल जास्त वेळ राहते. म्हणून जुना पट्टा टाकण्यापूर्वी तो नीट पाहावा. छिद्र लांबट झाले आहे आणि त्याच रेषेवर वरचा थर फाटला आहे, पण अस्तर चांगले आहे, असे असेल तर दोष बकलाचा असतो आणि क्लॅस्पने आयुष्य नक्की वाढते. अस्तर आधी गेले असेल तर क्लॅस्पवरचा खर्च पट्टा वाचवण्यासाठी केला असे म्हणता येणार नाही. आतल्या बाजूला आडवी, सुरीने ओढल्यासारखी रेघ दिसली, तर ती क्लॅस्पच्या पातीच्या धारेची असते.

मृण्मयीताई, तुमच्या बाबांच्या बाबतीत पट्ट्याच्या आयुष्यापेक्षा रुतण्याचा प्रश्न मोठा आहे, आणि तो सवयीने जाईल असे मला वाटत नाही. कृपया पाच मापे द्या: मनगटाचा घेर, घड्याळाच्या वरच्या आणि खालच्या स्प्रिंग बारमधले अंतर, पट्ट्याच्या दोन्ही तुकड्यांची लांबी, बंद अवस्थेत क्लॅस्पच्या पातीची लांबी, आणि अंगठा आत घेऊन मुठीच्या सर्वांत रुंद भागाचा घेर. मापे शिंप्याच्या टेपने घ्यावीत.

स्मिता_फिजिओ

मी इंदिरानगरला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, त्यामुळे मूळ प्रश्नाच्या एका बाजूबद्दल लिहिते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तेव्हा सर्वांत त्रासदायक क्रिया म्हणजे चिमूट धरून जोर लावणे. साध्या बकलात ही क्रिया तीनदा होते: पट्टा ओढताना, पिन छिद्रात घालताना आणि शेवटचे टोक लूपमध्ये सरकवताना. अनेक रुग्ण मला सांगतात की पिन एक वेळ जमते, पण ते टोक लूपमध्ये जात नाही. फोल्डिंग क्लॅस्पने यातले घालतानाचे जवळजवळ सर्व श्रम वाचतात, कारण बंद करण्यासाठी फक्त दाबावे लागते, आणि दाबण्याचे काम तळहाताने किंवा मनगट टेबलावर टेकवूनही करता येते.

उघडण्याचे मात्र वेगळे आहे. दोन बाजूंची बटणे एकाच वेळी दाबायची म्हणजे पुन्हा चिमूटच, आणि तीही उजव्या अंगठ्याने. बाबांना घालताना त्रास होतो की काढताना, हे वेगवेगळे विचारून पाहा. काढताना होत असेल तर बटणे नसलेला, फक्त घट्ट बसून राहणारा क्लॅस्प त्यांना सोपा जाऊ शकतो, कारण तो तर्जनीच्या नखाने किंवा बोटाच्या पेराने कडेला उचलला की उघडतो.

सातपूर_टूलरूम

स्मिताताई, बटणांविषयी तुमचे निरीक्षण मला पटते, पण बिनबटणांच्या क्लॅस्पबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तो फक्त पत्र्याच्या पकडीवर टिकतो. नवा असताना ती पकड इतकी कडक असते की नख तुटावे, आणि वर्ष-दोन वर्षांत ती इतकी सैल होते की मनगट वाकवले तरी क्लॅस्प आपोआप उघडतो. घड्याळजी पातीचे तोंड किंचित आत वाकवून पकड पुन्हा घट्ट करून देतो, परंतु हे काम वारंवार करता येत नाही. बटणांच्या क्लॅस्पची पकड स्प्रिंगवर असल्यामुळे ती जास्त काळ एकसारखी राहते. त्यात धूळ आणि घाम साचून बटण अडकू लागले, तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून मऊ ब्रशने ते साफ करता येते. अर्थात हे करताना पट्टा काढून ठेवावा लागतो.

द्राक्षबाग_निफाड

माझी चूक झाली, मी स्टीलच्या पट्ट्याचे गृहीत धरले. क्लॅस्प आपोआप उघडण्याबद्दल मात्र माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. माझा आधीचा क्लॅस्प सैल झाला होता आणि पिंपळगावहून मोटारसायकलवर येताना तो उघडला. पण पट्ट्याचा गोल तुटत नाही, तो फक्त मोठा होतो, त्यामुळे घड्याळ तळहातापाशी येऊन अडकले आणि माझ्या लक्षात आले. साध्या बकलाची पिन निघाली असती तर घड्याळ रस्त्यावर गेले असते.

मृण्मयी_गंगापूररोड

सर्वांचे आभार. आज सकाळी बाबांना बसवून सगळी मापे घेतली. मनगटाचा घेर १६० मिलिमीटर आहे. घड्याळाच्या दोन्ही स्प्रिंग बारमधले अंतर ३८, पट्ट्याचा वरचा, म्हणजे १२ च्या आकड्याकडचा तुकडा ७५ आणि छिद्रांचा खालचा तुकडा ११५. क्लॅस्प बंद असताना त्याची पात ३६ भरते. मुठीचा घेर २०५ आहे. छिद्रांमधले अंतर ६ मिलिमीटर आहे.

स्मिताताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारले. घालताना आता काहीच त्रास नाही. काढताना बटणे दाबायला थोडा जोर लागतो, पण ते अंगठ्याऐवजी तर्जनी आणि मधले बोट वापरतात आणि त्यांना ते जमते. त्यामुळे बटणे राहू द्यावीत असे त्यांचे म्हणणे आहे. दुपारी रुतते ती जागा त्यांनी बोट ठेवून दाखवली. अंगठ्याकडच्या बाजूला मनगटाचे जे हाड वर येते, अगदी त्याच्या खाली ती आहे.

सातपूर_टूलरूम

मापे मिळाल्यामुळे आता कारण स्पष्ट दिसते. सावकाश हिशेब मांडतो, म्हणजे इतरांनाही आपापल्या पट्ट्यावर तो करून पाहता येईल.

मनगट १६० आणि त्यावर थोडी सैल जागा ५, असा एकूण गोल १६५ धरू. त्यातले ३८ घड्याळाने व्यापले, म्हणजे पट्ट्याच्या वाट्याला १२७ उरले. वरचा तुकडा ७५ चा आहे. तो पूर्ण वापरला जातो, कारण त्याच्या टोकालाच क्लॅस्प अडकवलेला आहे. उरले ५२. म्हणजे घड्याळापासून पिन बसलेल्या छिद्रापर्यंत खालच्या तुकड्याची फक्त ५२ मिलिमीटर लांबी वापरात आहे. एका बाजूला ७५ आणि दुसऱ्या बाजूला ५२ असल्यामुळे क्लॅस्प मनगटाच्या मध्यावर येत नाही, तो खालच्या तुकड्याकडे साधारण ११-१२ मिलिमीटर सरकतो. डाव्या हातावर घड्याळाचा ६ चा आकडा अंगठ्याकडे असतो, म्हणजे क्लॅस्प सरकतो तोही अंगठ्याकडेच.

साध्या बकलाचेही असेच होते, परंतु बकल छोटे असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चामडे वळते, म्हणून ते जाणवत नाही. क्लॅस्पची गोष्ट निराळी आहे. बहुतेक एकपदरी क्लॅस्पची पात बंद झाल्यावर या खालच्या तुकड्याच्या आत बसते. तुमची ३६ ची पात ५२ मधली ३६ जागा घेते, आणि घड्याळाच्या कानापर्यंत वळायला चामड्याकडे फक्त १६ मिलिमीटर उरतात. बारीक मनगट याच भागात सर्वांत जास्त गोल असते. पात मात्र त्यापेक्षा सपाट असते, त्यामुळे तिचे पुढचे टोक हाडाखाली टेकते. तुमचा क्लॅस्प उघडून पाहा. पात वरच्या तुकड्याच्या बाजूला दुमडत असेल तर माझा हिशेब उलटा होईल, पण तक्रारीची जागा पाहता ती खालच्याच बाजूला असणार.

यावर दोन उपाय आहेत आणि ते एकत्रही करता येतात. पहिला, वरचा तुकडा छोटा घेणे. ७५ ऐवजी ६५ चा घेतला तर खालच्या तुकड्याचे ६२ वापरले जातील, वळायला २६ मिळतील, आणि क्लॅस्प जवळजवळ मध्यावर येईल. दुसरा, छोट्या पातीचा क्लॅस्प घेणे. २८ ची पात मिळाली तर सध्याच्याच पट्ट्यात २४ उरतात, आणि दोन्ही बदल केले तर ३४.

छोटी पात घेताना एक गोष्ट तपासावी लागते. उघडल्यावर गोल साधारण पातीच्या दुपटीने मोठा होतो. ३६ च्या पातीने तो १६५ अधिक ७२, म्हणजे २३७ होतो. २८ च्या पातीने तो २२१ होईल. बाबांची मूठ २०५ आहे, म्हणजे १६ मिलिमीटर मोकळे राहतात. हात आत जाईल. मात्र बोटांच्या पेरांना सूज येत असेल तर त्या दिवसांचा विचार करून ठरवा.

निनाद_पंचवटी

हा हिशेब मी माझ्या पट्ट्यावर करून पाहिला. माझे मनगट १८५ चे आहे आणि माझ्याकडे खालच्या तुकड्याचे ७० हून अधिक वापरले जातात, म्हणून मला कधी रुतले नाही. सवय होईल असे मी लिहिले होते, ते माझ्या मनगटावरून लिहिले होते. ते मागे घेतो.

पण मग बटरफ्लाय क्लॅस्प का घेऊ नये? त्याच्या दोन छोट्या पाती दोन्ही बाजूंना उघडतात, आणि तो मध्यावर बसतो.

सातपूर_टूलरूम

बटरफ्लाय दिसायला सर्वांत नीट असतो, कारण वरून फक्त पट्टा आणि एक रेघ दिसते. पण दोन कारणांनी मी इथे तो सुचवणार नाही. एक म्हणजे त्याची पात दोन्ही बाजूंना पसरते, त्यामुळे बारीक मनगटाच्या खालचा सपाट भाग संपून ती दोन्हीकडे वळणावर येते. दुसरे असे की तो बंद करताना दोन्ही पाने क्रमाने दाबावी लागतात, आणि पहिले पान नीट बसले नसेल तर दुसरे बसल्यासारखे वाटून नंतर उघडते. ज्यांच्या बोटांना स्पर्श नीट कळतो त्यांना हे लगेच लक्षात येते. ज्यांच्या बोटांना वेदना आहे ते घाईने सोडून देतात.

स्मिता_फिजिओ

मला दुपारच्या तक्रारीबद्दल काही जोडायचे आहे. पातीची जागा हे कारण असेल, पण फक्त तेवढेच असते तर सकाळीही रुतले असते. उन्हाळ्यात, आणि विशेषतः दिवसभर हात खाली लोंबता राहिला तर, दुपारनंतर मनगट थोडे फुगते. साध्या बकलात माणूस एक छिद्र सैल करून मोकळा होतो, आणि ही त्याची खरी सोय आहे. चामडी पट्ट्यावरच्या क्लॅस्पमध्ये तसे करायचे तर घड्याळ काढून, पट्टा क्लॅस्पमधून सोडवून, पिन दुसऱ्या छिद्रात बसवावी लागते. संधिवाताच्या हातांना हे जमत नाही, म्हणून ते घड्याळच काढून ठेवतात. बाबांचे नेमके तेच होत असावे.

मृण्मयी_गंगापूररोड

स्मिताताई, ते एक छिद्र सैल करून पाहिले. तसे केले की सकाळी घड्याळ फिरून मनगटाच्या बाजूला जाते. सहा मिलिमीटर फारच जास्त होतात. दोन छिद्रांच्या मध्ये एक नवीन छिद्र पाडून घ्यावे का?

सातपूर_टूलरूम

मध्ये छिद्र पाडू नका. छिद्रांमधले अंतर ६ असेल तर नवे छिद्र दोन्ही शेजाऱ्यांपासून ३ वर येईल. प्रत्येक छिद्राचा व्यास २ धरला तर मध्ये फक्त १ मिलिमीटर चामडे उरते. साध्या बकलात ते आठवड्यात फाटेल. क्लॅस्पमध्ये पिन रोज ओढली जात नाही, म्हणून जास्त टिकेल, परंतु किती हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

त्यापेक्षा नवा पट्टा शिवून घेणार असाल तर कारागिराला छिद्रांचे अंतर ५ ठेवायला सांगा, आणि छिद्रांची रांग अशी सुरू करायला सांगा की सकाळच्या मापाचे छिद्र ठरवून मिळेल. त्याबरोबर पट्टा क्लॅस्पजवळ फार जाड नसावा हेही सांगा. जाड चामडे चौकटीतून जात नाही, किंवा गेले तरी पकड नीट बसत नाही. शिवाय क्लॅस्पची रुंदी पट्ट्याच्या टोकाच्या रुंदीइतकीच हवी. कानांपाशी १८ असलेला पट्टा टोकाला बऱ्याचदा १६ चा होतो. अशा पट्ट्याला १८ चा क्लॅस्प लावला तर पट्टा आत डावी-उजवीकडे हलतो आणि त्याच्या कडा झिजतात.

मृण्मयी_गंगापूररोड

तुम्ही लिहिल्यावर पाहिले, आमचा क्लॅस्प खरोखरच १८ चा निघाला आणि पट्ट्याचे टोक १६ चे. पट्टा दोन्हीकडे एक-एक मिलिमीटर हलतो आणि डावी कड आत्ताच खरखरीत झाली आहे. पातही खालच्याच तुकड्याखाली दुमडते.

मृण्मयी_गंगापूररोड

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. भद्रकालीतल्या एका चामड्याच्या कारागिराकडून वरचा तुकडा ६५ आणि खालचा १०५ असा पट्टा शिवून घेतला, आणि छिद्रांचे अंतर ५ ठेवायला सांगितले. क्लॅस्प १६ चा, बटणांचा घेतला. २८ ची पात कुठे मिळाली नाही, ३० ची मिळाली. उघडल्यावर बाबांचा हात आत सहज जातो. घालताना ते मनगट टेबलावर टेकवून तळहाताने दाबतात, आणि टेबलावर एक टॉवेल घडी करून ठेवला आहे.

हाडाखाली रुतणे पूर्ण थांबले आहे. पूर्वी घड्याळ काढल्यावर तिथे लाल आडवी खूण दिसायची, ती आता दिसत नाही. दुपारचा घट्टपणा मात्र थोडा शिल्लक आहे. कडक उन्हाच्या दोन दिवसांत त्यांनी घड्याळ पाच वाजता काढले, इतर दिवशी रात्रीपर्यंत हातावर होते. आधीच्या पट्ट्याच्या लांबट छिद्राचेही पाहिले. त्याचे अस्तर अगदी स्वच्छ होते, म्हणजे तो पट्टा बकलानेच गेला होता.

स्मिता_फिजिओ

काढायला पाच वाजत असतील तर तो चांगला बदल आहे. ज्या दिवशी घट्ट वाटेल त्या दिवशी सकाळी फिरून आल्यावर घड्याळ तासभर काढून ठेवायला सांगा, पट्ट्याचे अस्तरही तेवढ्यात वाळेल. एक विचारायचे होते. चावीचे घड्याळ आहे, तर चावी ते हातावर असतानाच देतात का? चावी फिरवणे हीसुद्धा चिमूटच आहे.

मृण्मयी_गंगापूररोड

नाही, ती आता आई देते, सकाळी चहाच्या वेळी, घड्याळ हातावर चढण्याआधी.